सहा जणांच्या तासाभराच्या मीटिंगला पगाराचे किती पैसे जातात

प्रश्न: आमचा गोव्यात कुंडईला पुठ्ठ्याचे बॉक्स बनवायचा कारखाना आहे. दर सोमवारी एक तास मीटिंग असते, सहाजण बसतात. ग्रॉस पगार असे: मॅनेजर १,१०,०००, प्रोडक्शन ७२,०००, सेल्स ४८,०००, अकाउंट्स ३६,०००, स्टोअर २४,०००, डिस्पॅच १८,०००. बेसिक ग्रॉसच्या अर्धं, फक्त स्टोअर आणि डिस्पॅचवाल्याचं १५,०००. आठवड्याला सहा दिवस, जेवणाची सुट्टी सोडून आठ तास. पीएफ १५,००० च्या मर्यादेवर भरतो, चवथीला सगळ्यांना एक बेसिक बोनस. पात्राव, म्हणजे आमचे मालक, विचारतायत की ह्या एका तासाचा पगारखर्च किती? सरासरी काढून सहाने गुणू का? आणि महिन्याचा पगार ३० ने भागायचा की २६ ने?

उत्तर:

आधी आकडा देतो, मग तो कसा आला ते सांगतो. नुसता ग्रॉस पगार धरला तर तासाचे १,४८१ रुपये. पण कंपनीच्या खिशातून खरोखर जातं ते धरलं आणि माणूस वर्षभरात प्रत्यक्ष किती तास कामावर असतो ते धरलं, तर १,८३१ रुपये. पात्रावांना दुसरा आकडा सांगा, पण पहिला कसा निघतो ते आधी समजून घ्या, कारण निम्मे लोक तिथंच घसरतात.

सगळा खेळ भागाकाराचा आहे. सहा पगारांची बेरीज ३,०८,०००, ही कोणीही करेल. पण ती कितीने भागायची ह्यावर आकडा कुठच्या कुठं जातो. ३० दिवस गुणिले २४ तास म्हणजे ७२० ने भागणारेही मी पाहिलेत, त्यांची मीटिंग ४२८ रुपयांत पडते. म्हणजे माणूस झोपलेला असतो तेव्हाही कंपनी त्याला तासावर पगार देते असं झालं. ३० दिवस गुणिले ८ तास, म्हणजे २४० ने भागलं तर १,२८३ येतात. हे दिसायला बरोबर वाटतं आणि म्हणूनच जास्त वेळा चुकतं, कारण ३० दिवसांत चार-साडेचार रविवार आहेत आणि त्या दिवशी कोणी आठ तास काम करत नाही. पगार महिन्याचा असला तरी तो कामाच्या दिवसांत कमवला जातो, त्यामुळे रविवार भाजकात धरायचे नाहीत.

म्हणून २६ दिवस गुणिले ८ तास, म्हणजे २०८. हा २६ चा आकडा कोणी हवेतून काढलेला नाही, ग्रॅच्युइटीच्या हिशोबातही एका दिवसाचा पगार २६ ने भागूनच काढतात. आणि ताळा करायचा असेल तर दुसऱ्या बाजूने या: वर्षाचे ५२ आठवडे, आठवड्याला ४८ तास, झाले २,४९६ तास, त्याला १२ ने भागा, बरोबर २०८. दोन्ही वाटांनी एकच आकडा येतो. ३,०८,००० भागिले २०८, उत्तर १,४८०.७७.

तुमच्या पेरोलमध्ये बिनपगारी रजेसाठी पगार ३० ने किंवा महिन्याच्या दिवसांनी भागत असतील, तर ते तिथं चालू द्या. तो वेगळा नियम आहे, तिथं रविवारही पगारी धरलेले असतात म्हणून भाजक मोठा आहे. तो आकडा उचलून इथं आणू नका एवढंच.

जेवणाच्या सुट्टीचंही तसंच. गेटवर पंच सकाळी साडेआठ ते साडेपाच असा दिसतो, म्हणजे नऊ तास, आणि अकाउंट्समधला कोणीतरी सरळ ९ गुणिले २६ म्हणजे २३४ ने भागतो आणि १,३१६ काढतो. जेवणाचा तास त्यात धरला की कामाचा प्रत्येक तास उगाच स्वस्त दिसतो. तुम्ही आठ तास स्पष्ट लिहिलेत ते बरं केलंत.

आता सरासरीचं. सहाही माणसं पूर्ण तासभर बसत असतील आणि सगळ्यांचे महिन्याचे तास सारखेच असतील, तर सरासरी काढून सहाने गुणलं काय आणि बेरीज करून एकदा भागलं काय, उत्तर एकच येणार. सरासरी ५१,३३३, ती भागिले २०८, गुणिले सहा, परत तेच १,४८१. मग सरासरीचा फायदा काय? काहीच नाही, एक पायरी जास्त करायची आणि मध्ये राउंडिंगची गडबड ओढवून घ्यायची. सरळ बेरीज करा.

पण ह्या दोन अटींपैकी एक जरी मोडली तरी सरासरी गोत्यात आणते. समजा उद्या तुमचं अकाउंट्स पणजीच्या ऑफिसात बसायला लागलं आणि तिथं पाच दिवसांचा आठवडा आहे, तर त्या माणसाचे महिन्याचे तास ५२ गुणिले ४० भागिले १२, म्हणजे १७३ च्या आसपास. ३६,००० तेच, पण त्याचा तास १७३ रुपयांवरून २०८ वर गेला. अशा वेळी सगळ्यांची बेरीज करून एकाच आकड्याने भागता येत नाही, ज्याचा त्याचा भाजक वेगळा लावावा लागतो. मी तर पहिल्यापासूनच प्रत्येकाचा तासाचा रेट वेगळा काढून ठेवा असंच सांगतो, पुढं सगळीकडे तोच वापरता येतो.

इथवर झाला ग्रॉसचा हिशोब. बऱ्याच जणांना वाटतं की झालं काम. पण ग्रॉस हा कंपनीचा खर्च नाही, तो खर्चाचा मोठा भाग आहे. त्याच्यावर कंपनी अजून काय काय भरते ते पगाराच्या स्लिपवर दिसत नाही म्हणून सुटतं.

आणि उलट्या बाजूची चूकही होते, हातात येणारा पगार धरायची. बँकेत जमा होतं ते धरू नका. कामगाराच्या वाट्याचा पीएफ, टीडीएस हे त्याच्या पगारातून कापलं जातं, पण पैसे कंपनीचेच गेले ना, फक्त त्याच्या खात्यात न जाता दुसरीकडे गेले. तिसरा प्रकार म्हणजे ऑफर लेटरमधला सीटीसी. त्यात कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी आधीच मिसळलेली असते, त्याच्यावर परत पीएफ लावला की एकच खर्च दोनदा. म्हणून आकडा हातात आला की पहिलं विचारायचं, हे हातातले, ग्रॉस की सीटीसी? तुम्ही ग्रॉस म्हणून लिहिलंय तर आपण ग्रॉसवरूनच वर जाऊ.

तुमचा डिस्पॅचवाला घेऊ, कारण त्याच्या बाबतीत सगळं लागू होतं. ग्रॉस १८,०००, बेसिक १५,०००. कंपनीचा पीएफ बेसिकच्या १२ टक्के म्हणजे १,८००, त्याच्या जोडीला ॲडमिन चार्ज अर्धा टक्का आणि ईडीएलआय विम्याचा अर्धा टक्का, मिळून १५० रुपये. झाले १,९५०. ग्रॅच्युइटी वर्षाला १५ दिवसांची, म्हणजे १५,००० गुणिले १५ भागिले २६, आणि महिन्यावर आणायला परत १२ ने भागायचं, ७२१ रुपये. ती आज हातात द्यायची नाही हे खरं, पण आज त्याने केलेल्या कामावरच ती चढतेय म्हणून खर्च आजचाच धरायचा. चवथीचा बोनस १५,०००, महिन्याला १,२५०. आणि ग्रॉस २१,००० च्या आत असल्यामुळे ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू, कंपनीचा वाटा ३.२५ टक्के, ५८५ रुपये. सगळं मिळून ४,५०६. म्हणजे १८,००० चा माणूस कंपनीला २२,५०६ ला पडतो. पंचवीस टक्के जास्त.

आता मॅनेजर बघा. बेसिक ५५,०००, पण पीएफ तुम्ही १५,००० च्या मर्यादेवर भरता म्हणून त्याचेही १,९५०च. ग्रॅच्युइटी २,६४४, बोनसचा महिन्याचा हिस्सा ४,५८३, ईएसआय नाही. एकूण ९,१७८ वर जातात, म्हणजे १,१०,००० वर सव्वाआठ टक्के.

एकाला पंचवीस, एकाला सव्वाआठ. म्हणून ते जे सगळ्यांच्या पगारावर सरसकट वीस टक्के किंवा तीस टक्के चढवून मोकळे होतात ना, ते मला पटत नाही. पीएफची मर्यादा आणि ईएसआयची मर्यादा ह्या दोन गोष्टींमुळे छोट्या पगारावरचा बोजा टक्क्यांत मोठा असतो आणि मोठ्या पगारावरचा लहान. सरसकट टक्के लावले की मॅनेजरचा तास फुगतो आणि मीटिंगचा आकडा त्याच्यामागे फुगतो, कारण बेरजेत एक तृतीयांशाहून जास्त वाटा एकट्या मॅनेजरचा आहे. तुमची कंपनी पूर्ण बेसिकवर पीएफ भरत असती तर चित्र वेगळं झालं असतं, मॅनेजरचा नुसता १२ टक्केच ६,६०० झाला असता. म्हणून हे आधी अकाउंट्सला विचारून घ्यायचं असतं.

बाकी चौघांचं असंच केलं तर प्रोडक्शनचा महिना ७८,६८१ ला पडतो, सेल्सचा ५३,१०४, अकाउंट्सचा ४०,३१५, स्टोअरचा २७,९२१. स्टोअरवाला २४,००० वर आहे म्हणून ईएसआयच्या बाहेर. सहाही मिळून ३,४१,७०५. ग्रॉसपेक्षा अकरा टक्क्यांच्या आसपास वाढ.

वरचा आकडा नीट झाला, आता खालचा. २०८ तासांत आपण रविवार काढले, पण पगारी सुट्ट्या आणि रजा तशाच ठेवल्या. चवथीला कारखाना बंद, १९ डिसेंबरला बंद, ३ डिसेंबरच्या फेस्ताला बंद, त्या दिवसांचा पगार तर जातोच पण मीटिंगला बसायला माणूस नसतो. मग त्या दिवसांचा पगार कोणी उचलायचा? बाकीच्या कामाच्या तासांनीच. तुमची सुट्ट्यांची यादी मला माहीत नाही, मी १२ सुट्ट्या आणि २१ दिवस पगारी रजा धरतो, तुम्ही तुमचे आकडे टाका. ३६५ मधून ५२ रविवार गेले, राहिले ३१३, त्यातून १२ आणि २१ गेले, राहिले २८०. गुणिले ८ म्हणजे वर्षाला २,२४० तास, महिन्याला १८६.६७. ३,४१,७०५ भागिले १८६.६७, झाले १,८३१.

माणशी तासाचे रेट असे पडतात: मॅनेजर ६३८, प्रोडक्शन ४२२, सेल्स २८४, अकाउंट्स २१६, स्टोअर १५०, डिस्पॅच १२१.

रजेबद्दल एक सांभाळा. रजा न घेता तिचे पैसे घ्यायची पद्धत तुमच्याकडे असेल तर त्या माणसाचे ते दिवस २८० मधून वजा करायचे नाहीत. तो कामावर आलेला आहे, म्हणजे तास वाढले, आणि जे जादा पैसे मिळाले ते खर्चात वाढवायचे. दिवसही काढले आणि पैसेही वाढवले तर दोनदा धरल्यासारखं होतं. कारखान्यांच्या शीटमध्ये ही चूक सर्रास सापडते आणि ओळखायची खूण सोपी: कोणाचा तरी तासाचा रेट ग्रॉस भागिले २०८ च्या दीडपट वगैरे निघाला तर समजायचं की काहीतरी दोनदा आलंय. तुमच्यात डिस्पॅचवाल्याचं प्रमाण सगळ्यात जास्त आहे, ८७ वरून १२१, आणि ते त्याचं बेसिक ग्रॉसच्या मानाने मोठं आणि वर ईएसआय म्हणून. त्याच्याही वर कोणी गेलं तर शीट उघडून बघा.

आणि वर्षाचा आकडा पात्राव मागणारच, तेव्हा ५२ ने गुणू नका. सुट्ट्या-रजा आपण रेटमध्येच घातल्यात, आता गुणायचं ते खरोखर झालेल्या मीटिंगांनी. सोमवारी आलेल्या सुट्ट्या वगळून ४८ झाल्या असतील तर ८८ हजारांच्या घरात.

एक्सेलमध्ये हे एकदाच मांडून ठेवा. A मध्ये नाव, B मध्ये ग्रॉस, C मध्ये बेसिक, D मध्ये महिन्याचा खर्च, E मध्ये तासाचा रेट, F मध्ये तो माणूस किती मिनिटं बसला. दुसऱ्या ओळीपासून सहा ओळी:

```
D2: =B2+C2/12+C2*15/26/12+MIN(C2,15000)*13%+IF(B2<=21000,B2*3.25%,0)
E2: =D2/(280*8/12)
F8: =SUMPRODUCT(E2:E7,F2:F7)/60
```

D2 मध्ये ग्रॉसनंतर बोनस, ग्रॅच्युइटी, पीएफ आणि शेवटी ईएसआय असा क्रम आहे. D2 आणि E2 खाली सातव्या ओळीपर्यंत ओढायचे. सगळ्यांच्या F मध्ये ६० टाकले की १,८३०.५६ यायला हवेत. नाही आले तर बहुतेक स्टोअर-डिस्पॅचच्या बेसिकमध्ये अर्धा पगार टाकलेला असतो.

मिनिटांचा कॉलम मुद्दाम ठेवलाय, कारण खऱ्या मीटिंगमध्ये सगळे साठ मिनिटं क्वचितच लागतात. समजा तुम्ही ठरवलंत की स्टोअर आणि डिस्पॅचने पहिली पंधरा मिनिटं बसून आपला स्टॉक आणि गाड्यांचं सांगून जावं, अकाउंट्सने अर्धा तास, आणि बाकी तिघांनी पूर्ण. मग खर्च होतो १,५२०. हेच सरासरीने केलं असतं तर? एकूण माणूस-तास चार, सरासरी रेट ३०५, गुणाकार १,२२०. तीनशे रुपयांची तफावत, आणि ती का ते उघड आहे: जे लवकर उठले ते सगळे कमी पगाराचे, जे बसून राहिले ते जास्त पगाराचे, आणि सरासरीला हे कळतच नाही. म्हणून सुरुवातीलाच म्हटलं की प्रत्येकाचा रेट वेगळा ठेवा.

ह्याच आकड्यात अजून एक गोष्ट लपलीय. तिघांना लवकर सोडून तुमचे ३११ रुपये वाचले. तिघांनाही पूर्ण बसवून मीटिंगच पाऊण तासात संपवली असती तर ४५८ वाचले असते. पगारखर्च कमी करायचा तर महाग माणसांची मिनिटं कमी करावी लागतात. डिस्पॅचवाल्याला लवकर सोडायचं कारण त्याचा पगार नाहीच मुळी. तो आत बसलाय तोवर बाहेर ट्रक उभा असतो, चलन बनत नाही, ड्रायव्हर चार वेळा केबिनच्या काचेतून डोकावून जातो, ते कारण. पण ते नुकसान पगारखर्चात येत नाही, त्याचा हिशोब वेगळा करायचा. दोन्ही एका आकड्यात घुसडलं की मग तो आकडा कोणालाच समजावून सांगता येत नाही.

उशिराचंही असंच मिनिटांवर येतं. मॅनेजर पंधरा मिनिटं उशिरा आले तर त्या पंधरा मिनिटांचा खर्च हा बाहेर थांबलेल्या पाचजणांचा, मॅनेजरचा नाही, ते तेवढा वेळ दुसरं काम करत होते असं धरायचं. पाचजणांचा तास १,१९२, पंधरा मिनिटांचे २९८. डिस्पॅचवाला पंधरा मिनिटं उशिरा आला आणि बाकीचे थांबले तर ४२७. पण त्याच्यासाठी कोणी थांबत नाही, मीटिंग सुरू होते. मॅनेजरसाठी मात्र सगळे थांबतात. हे पात्रावांना कसं सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

आता प्रवास. तुम्ही लिहिलं नाहीत, पण कुंडईच्या बऱ्याच कारखान्यांचं पणजीला छोटं ऑफिस असतं आणि मीटिंग कधी इथं कधी तिथं होते, तुमचंही तसं असेल तर हे बघा. पणजीला मीटिंग ठेवली, मॅनेजर, सेल्स आणि अकाउंट्स तिथंच बसतात, प्रोडक्शन, स्टोअर आणि डिस्पॅच कारखान्यातून निघाले. बाणस्तारीच्या पुलावरून जुन्या गोव्यातून जाताना सकाळची ट्रॅफिक लागते, गाडी काढण्यापासून पार्किंग मिळेपर्यंत एका बाजूला पाऊण तास धरू. जाऊन येऊन दीड तास. तिघांचे रेट मिळून ६९२, दीड तासाचे १,०३७. म्हणजे १,८३१ ची मीटिंग २,८६८ ला पडली, पेट्रोल वेगळं. आणि मजा अशी की कॅलेंडरवर ती अजूनही एक तासाचीच दिसते. उलटं करून मीटिंग कुंडईला ठेवली आणि पणजीचे तिघे आले तर त्यांचे रेट १,१३९, दीड तासाचे १,७०८, म्हणजे अजून महाग. पगाराच्या हिशोबाने कारखान्याच्या माणसांनी पणजीला जाणं स्वस्त निघतं. पण सोमवारी सकाळी मशीन सुरू होताना प्रोडक्शनचा माणूस अडीच तास बाहेर असणं, हा आकडा ह्या शीटमध्ये नाही. मी स्वतः अशा वेळी व्हिडिओ कॉल लावा म्हणतो आणि दोन्ही बाजूंचा प्रवास शून्य करतो, मग नेटवर्क गेल्याची पाच-सात मिनिटं वाया गेली तरी परवडतं.

पात्राव आकडा बघून एक प्रश्न विचारतील, मला नेहमी विचारतात: "म्हणजे मीटिंग बंद केली तर माझे १,८३१ वाचणार?" नाही वाचणार. सहाही जणांचा पगार महिन्याच्या शेवटी तेवढाच जाणार, मीटिंग होवो न होवो. हा आकडा रोख वाचण्याचा नाही, कंपनीने विकत घेतलेल्या सहा तासांपैकी एकही तास दुसऱ्या कामाला लागला नाही त्याची किंमत आहे. हे आधीच सांगून टाका, नाहीतर पुढच्या महिन्यात बँक स्टेटमेंट घेऊन तुमच्याकडे येतील की कुठं गेले माझे सात हजार.

रोख पैसे खरंच जातात ते एकाच ठिकाणी, ओव्हरटाइममध्ये. मीटिंगमुळे तासभर मागे पडलेलं काम कोणी संध्याकाळी थांबून पूर्ण करत असेल आणि तो माणूस ओव्हरटाइमला पात्र असेल, तर त्या तासाला त्याच्या नेहमीच्या दराच्या दुप्पट द्यावे लागतात. मॅनेजर, प्रोडक्शन हेड अशांना ओव्हरटाइम नसतो, ते थांबले तर कंपनीला रुपया जास्त पडत नाही. डिस्पॅचवाला कामगार म्हणून नोंद असेल तर त्याला द्यावे लागतील. म्हणून रोख खर्च शोधायचा असेल तर सोमवारचं ओव्हरटाइम रजिस्टर मंगळवार-बुधवारच्या शेजारी ठेवून बघा. सोमवारीच डिस्पॅच आणि लोडिंगचे तास वर दिसत असतील तर मीटिंगची वेळ बदला, सकाळच्या गाड्या निघाल्यावर घ्या.

आणि हा हिशोब मीटिंगच्या बोर्डावर लावायचा विचार असेल, हल्ली काही ठिकाणी लावतात, तर थांबा. सहाच माणसं आहेत. ह्या सोमवारी १,८३१ लिहिले, पुढच्या सोमवारी सेल्सवाला रजेवर म्हणून १,५४६ लिहिले, की कोणीही वजाबाकी करून २८५ काढेल, त्याला १८७ ने गुणेल आणि सेल्सवाल्याच्या पगाराचा अंदाज कँटीनमध्ये फिरेल. खालच्या दोघांचा एक रेट, मधल्या दोघांचा एक, असं केलं तरी उपयोग नाही, कारण दोघांच्या सरासरीत आपला आकडा माहीत असला की दुसऱ्याचा लगेच निघतो. चारचौघांत दाखवायचाच असेल तर अख्ख्या कारखान्यातली त्या पगाराच्या गटातली सगळी माणसं घेऊन गटाचा एक रेट काढा, तो जवळच्या पन्नासात राउंड करा आणि तोच वापरा. मीटिंगचा आकडा थोडा मागेपुढे होईल, चालेल. माणशी रेटचं खरं शीट मात्र पासवर्ड टाकून अकाउंट्सकडेच राहू द्या, आणि पात्रावांना पाठवताना सुद्धा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर नको.